जुना मालवाहू ट्रक घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कांदा पट्ट्यातून, म्हणजे निफाड, लासलगाव, पिंपळगाव, येवला या बाजूने, पहिला किंवा दुसरा ट्रक घेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं कांद्याच्या भाड्याची आहेत, पण नियम सगळ्या मालाला सारखेच लागू आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जुना ट्रक घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू? आधी इंजिन बघू की कागद?

दोन्हीच्या आधी भाडं बघा. कोणता माल, किती टन, कुठून कुठे, आणि येताना काय भरून आणणार, हे एका कागदावर लिहून काढा. त्यावरून परमिट ठरतं, परमिटवरून गाडीचं वय आणि एक्सल ठरतात, मालावरून बॉडी ठरते. एवढं झालं की मगच इंजिन बघायला जायचं.

बरेच जण उलट्या दिशेने जातात. ओळखीतला कोणी "इंजिन एक नंबर आहे" म्हणतो, गाडी आवडते, विसार दिला जातो आणि नंतर कळतं की त्या गाडीला वर्षभराने राज्याबाहेर जाता येणार नाही. इंजिन पैसे घालून परत बांधता येतं. गाडीचं वय कमी करता येत नाही.

२. सहा टायरी, दहा टायरी, बारा टायरी यांत माल किती बसतो?

सहा टायरी म्हणजे दोन एक्सल, पुढे दोन आणि मागे चार टायर. दहा टायरीला तीन एक्सल, बारा टायरीला चार. २०१८ पूर्वीच्या गाड्यांत मालासकट एकूण वजनाची मर्यादा दोन एक्सलला १६.२ टन, तीन एक्सलला २५ टन आणि चार एक्सलला ३१ टन होती. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलचं वजन वाढवलं, तेव्हा दोन एक्सल १८.५ टनांवर आणि तीन एक्सल २८.५ टनांवर गेले.

गाडीच्या नावातच हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. २५१८ म्हणजे २५ टनांची, साधारण १८० अश्वशक्तीची गाडी. १६१३ म्हणजे १६ टनांची, १३० अश्वशक्तीची. त्यामुळे दारात २५१८ उभी असेल आणि विकणारा २८ टनांच्या गोष्टी करत असेल, तर प्रश्न ५ वाचा.

एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माल उरतो. हा आकडा विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नका. डिझेलची टाकी भरून, ताडपत्री, दोर आणि जॅक आत ठेवून रिकामी गाडी वजनकाट्यावर घाला. समजा २५ टनांची दहा टायरी रिकामी ९,४०० किलो भरली. मग माल १५,६०० किलो, म्हणजे ५० किलोच्या ३१२ गोण्या. त्यातून चालक आणि क्लीनर यांचं वजन वजा करा आणि ३०५ गोण्यांचा हिशेब धरा. भाड्याचं गणित याच आकड्यावर मांडायचं.

३. मग थेट बारा टायरीच का घेऊ नये? माल तर जास्त बसतो.

टोलमुळे विचार करावा लागतो. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांत किलोमीटरमागे मूळ दर दोन एक्सलच्या ट्रकला २.२० रुपये, तीन एक्सलला २.४० रुपये आणि चार ते सहा एक्सलला ३.४५ रुपये असे आहेत. हे दर दरवर्षी वाढतात, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. म्हणजे सहा टायरीवरून दहा टायरीवर गेलात तर टोल नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि माल पाच-सहा टन जास्त बसतो. दहावरून बारावर गेलात तर मालात तेवढीच भर पडते, पण टोल जवळपास ४४ टक्क्यांनी चढतो.

बारा टायरी परवडते, पण ज्याच्याकडे दोन्ही बाजूंनी पूर्ण भरतीची खात्री आहे त्यालाच. कांद्याच्या भाड्यात येताना अनेकदा अर्धी गाडी किंवा हलका माल मिळतो, आणि टोल मात्र एक्सलवर पूर्ण जातो. पहिल्या गाडीला माझं मत स्पष्टपणे दहा टायरीकडे आहे. त्यामागचं आणखी मोठं कारण पुढच्या उत्तरात आहे.

४. नॅशनल परमिट गाडी किती जुनी होईपर्यंत मिळतं?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ८८ सांगतो की दोन एक्सलच्या मालवाहू गाडीला १२ वर्षांपर्यंत आणि दोनपेक्षा जास्त एक्सलच्या गाडीला १५ वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट. हे वय पूर्ण होईल त्या दिवशी परमिटवर पुढची तारीख दिसत असली तरी ते संपलं असं धरलं जातं. म्हणून आरसीवर पहिल्या नोंदणीची तारीख बघा. मॉडेलचं वर्ष किंवा तुमच्या नावावर गाडी झाल्याची तारीख इथे उपयोगाची नाही.

२०१५ ची सहा टायरी आणि २०१५ ची दहा टायरी शेजारी उभ्या असतील, तर पहिली २०२७ मध्ये राज्यापुरती उरेल आणि दुसरी २०३० पर्यंत बंगळुरूला जाईल. एक्सलचा प्रश्न हा फक्त वजनाचा नाही तो यामुळे.

वय झालेल्या सहा टायरीला राज्यातलं साधं मालवाहू परमिट मिळू शकतं, फिटनेस निघत असेल तोवर. नाशिक ते वाशी एवढंच भाडं असेल तर अशी गाडी स्वस्तात घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. फक्त किंमत राज्यापुरत्या गाडीची द्या. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचा मिळतो आणि त्यानंतर दरवर्षी काढावा लागतो, तो खर्चही धरा.

५. आरसीवर २५ टन आहे. विकणारा म्हणतो, "आता २८.५ चालतं, सगळे भरतात." खरं का?

रस्त्यावर अडवलं तर आरसीवरचा आकडा बघतात. आरसीवर २५,००० किलो असेल तर तुमची मर्यादा २५,००० किलो. २०१८ ची वाढ विकणाऱ्याच्या बोलण्याने जुन्या गाडीला लागत नाही. त्या गाडीचे एक्सल, ब्रेक आणि चेसिस २५ टनांसाठी बनलेले आहेत.

जास्त वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायला लावतात. तीन टन जास्त भरले तर २६,००० रुपये, आणि कांदा उन्हात रस्त्याच्या कडेला.

"सगळे भरतात" हे वाक्य गाडीबद्दलही सांगून जातं. ती कायम जास्त भरून चालली आहे. खाली वाकून बघा. पाट्यांमध्ये नंतर घातलेला जादा पाटा दिसतो, त्याचा रंग आणि गंज वेगळा असतो. पाट्याच्या हँगरजवळ चेसिसला वेल्डिंग किंवा पट्टी मारलेली दिसते. फाळके मूळ उंचीपेक्षा वर चढवलेले असतात. चेसिसला तडा आणि वेल्डिंग दोन्ही दिसलं तर किंमत कमी करून मागू नका, ती गाडी सोडा.

६. कांद्याला कोणती बॉडी? कंटेनर बॉडीची गाडी स्वस्त मिळते आहे, ती चालेल?

कांद्याला नाही चालणार. कांद्याला हवा लागते. बंद कंटेनरमध्ये दोन दिवसांत गोण्यांना घाम सुटतो आणि उतरवताना खालच्या थरातून वास येतो. कांद्याला उघडी, फाळक्यांची बॉडीच हवी, वर ताडपत्री आणि बाजूने हवा खेळती. कंटेनर बॉडी भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या पेटीबंद मालाला ठीक. तिथे उघड्या गाडीला उभंही करत नाहीत. जालन्याच्या सळईला लांब प्लॅटफॉर्म किंवा हाफ बॉडी लागते. म्हणजे बॉडी निवडताना तुम्ही गिऱ्हाईक निवडत असता.

"कंटेनर काढून उघडी बॉडी बसवू" असं अनेक जण ठरवतात. ते करता येतं, पण बॉडीचा प्रकार आरसीवर लिहिलेला असतो. बदलायला कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घ्यावी लागते, नंतर नवं रिकामं वजन आरसीवर चढवावं लागतं आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. आरसीवर कंटेनर आणि रस्त्यावर उघडी बॉडी असेल, तर अपघातानंतर दाव्याला अडचण येते. आधीच्या मालकाने असा बदल केलेला असेल तर तो आरसीवर चढलाय का, हे पहिल्याच भेटीत तपासा.

आणखी एक. काही दहा टायरी उघड्या गाड्या मुळात टिपर किंवा काँक्रीट मिक्सर असतात. खाणीतलं काम संपलं की त्यांच्यावर साधी बॉडी चढते. अशा गाडीचा व्हीलबेस आखूड असतो, मागचा ओव्हरहँग विचित्र दिसतो आणि चेसिसवर जॅकच्या ब्रॅकेटच्या खुणा असतात. इंजिनचे तास अशा गाडीला लगेच उघडं पाडतात. ते प्रश्न ७ मध्ये.

७. इंजिनचे तास कुठे दिसतात? किलोमीटर असताना ते कशाला बघायचे?

बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक, आकडा जितका मोठा तितकी गाडी नवी. बीएस-६ आणि बहुतेक बीएस-४ गाड्यांत इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, चाललेले तास नोंदवतो. काही गाड्यांत ते मीटरच्याच मेनूमध्ये दिसतात. नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घ्या. एकूण तास, उभ्या गाडीत इंजिन चाललेले तास आणि एकूण जळलेलं डिझेल, हे तिन्ही आकडे लिहून मागा. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

किलोमीटरला तासांनी भागा. लाइनवर चालणाऱ्या लोडेड ट्रकची सरासरी ताशी ३५ ते ४५ किलोमीटर येते, कारण घाट, टोल, रांगा सगळं त्यात धरलेलं असतं. खाणीतला टिपर किंवा शहरातला मिक्सर १२ ते २० वर येतो.

एक उदाहरण. दहा टायरी गाडी, मीटरवर २,१०,००० किलोमीटर. मालक सांगतो, "फक्त नाशिक-बंगळुरू लाइन." स्कॅनरवर तास निघाले ११,०००. भागाकार १९. लाइनच्या गाडीला हा आकडा बसत नाही. प्रश्न ६ मधल्या टिपरच्या खुणा गाडीवर नसतील, तर आता दोन शक्यता उरतात. एक, मीटर मागे फिरवलाय. दुसरी, गाडी तासन्‌तास उभी राहून इंजिन चालू ठेवत होती.

यातलं खरं काय, ते डिझेलचा आकडा सांगतो. समजा एकूण डिझेल ९५,००० लिटर दिसलं. मीटरच्या किलोमीटरला त्याने भागलं तर २.२ चं अॅव्हरेज येतं, जे लाइनच्या दहा टायरीला शक्य नाही. उलट ११,००० तास ताशी ३८ ने धरले तर ४,१८,००० किलोमीटर होतात, आणि अॅव्हरेज ४.४ येतं. ते अगदी रास्त आहे. म्हणजे मीटर जवळपास निम्म्यावर आणलाय.

आता तेच ११,००० तास, पण उभे तास ५,५०० आणि डिझेल ६०,००० लिटरच्या आसपास असतं, तर मीटर खरा मानता येईल. चालत्या ५,५०० तासांत २,१०,००० किलोमीटर म्हणजे ताशी ३८, आणि उभ्या इंजिनाने तासाला दोन लिटर धरले तर उरलेलं डिझेलही जुळतं. ती गाडी खोटी नाही, पण इंजिन ११,००० तास फिरलेलं आहे. रिंग, टर्बो आणि बेअरिंगची झीज तेवढीच धरायची आणि किंमतही त्याच हिशेबाने बोलायची.

८. बीएस-३ गाडीत तास दिसतच नाहीत. मग?

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत हिशेब बाहेरून करावा लागतो. सर्व्हिसची बिलं आणि जुन्या वजनकाट्याच्या पावत्या मागा. क्लचचं पेडल आणि गिअरची मूठ किती घासली आहे ते बघा. मीटरवर दोन लाख आणि पेडलचं रबर लोखंडापर्यंत गेलेलं, हे जुळत नाही.

इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं. आधी हाताने ब्लॉक चाचपा. कोमट लागला तर तुम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवली होती. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून त्या भोकावर ठेवा. झाकण धडधड उडत असेल आणि धूर भसाभस बाहेर येत असेल, तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे आणि इंजिनकाम जवळ आलंय. थोडा वाफेसारखा धूर सगळ्याच चाललेल्या गाड्यांना असतो, त्याला घाबरू नका. मग भरलेल्या गाडीत एखादा चढ चढून बघा. रिकामी गाडी मैदानावर फिरवून काहीच कळत नाही.

९. बीएस-३, बीएस-४ की बीएस-६?

बीएस-३ ट्रकची विक्री ३१ मार्च २०१७ ला थांबली, बीएस-६ एप्रिल २०२० पासून आला. बीएस-३ गाडी कोणत्याही गावच्या मिस्त्रीकडे सुटते, हा तिचा मोठा फायदा. तोटा मार्गाचा आहे. दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश नाही. कांदा दक्षिणेला किंवा कोलकात्याला जात असेल तर याचा फरक पडणार नाही. दिल्लीच्या आझादपूर बाजारात जात असेल तर बीएस-३ कितीही स्वस्त असली तरी नको. बीएस-४ ला दिल्लीत दिलेली सवलतही मुदतीचीच आहे, म्हणून दिल्लीचं भाडं कायमचं असेल तर बीएस-६ बघा.

बीएस-६ घेताना धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा आणि डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तपासणं सक्तीचं समजा. मीटरवर दिवा पेटलेला नाही यावर थांबू नका, स्कॅनरवर जुने एरर कोड बघा. युरिया यंत्रणा बायपास केलेली गाडी सुरुवातीला छान चालते आणि फिटनेसला अडकते.

१०. डबल हाऊसिंग गाडी घ्यावी का?

मागच्या दोन्ही एक्सलला ताकद जात असेल तर ती डबल हाऊसिंग. शेतातून, कच्च्या रस्त्यावरून ऊस किंवा खडी काढायची असेल तर हवीच. महामार्गाच्या भाड्याला नको. वजन जास्त, डिझेल जास्त, आणि दोन क्राऊनची देखभाल.

११. नागालँडच्या नंबरची दहा टायरी दोन लाखांनी स्वस्त मिळते आहे. नॅशनल परमिटही आहे. घेऊ?

नॅशनल परमिटवर गाडी देशभर फिरते, पण आपलं मूळ राज्य सोडून दुसऱ्या एकाच राज्यातल्या दोन ठिकाणांत माल भरता-उतरवता येत नाही. म्हणजे नागालँडच्या नंबरवर पिंपळगावहून बंगळुरूला कांदा नेणं चालेल, पण पिंपळगावहून वाशीला नेणं परमिटच्या बाहेर आहे. मोकळ्या आठवड्यात मुंबईची एखादी फेरी मारून हप्ता भरायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग, आणि तोच बंद होतो. परमिटचा भंग केला तर कलम १९२ए खाली १०,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे.

गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर लागेल, इथला कर भरावा लागेल आणि एमएच नंबर घ्यावा लागेल. बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नव्या नंबराशिवाय गत्यंतर नाहीच. हा खर्च, दलालाचे पैसे आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस धरले की दोन लाखांतले बरेच इथेच जातात.

१२. विकणाऱ्याच्या नावावर परमिट आहे. गाडीबरोबर ते मला आपोआप मिळतं का?

नाही. कलम ८२ प्रमाणे परमिट दुसऱ्याच्या नावावर करायला प्राधिकरणाची परवानगी लागते. गाडी तुमच्या नावावर झाली आणि परमिट त्याच्या नावावर राहिलं, तर त्या काळात भाडं मारू नका.

पैसे देण्याचा क्रम असा ठेवा. आधी parivahan.gov.in वर नंबर टाकून कर, फिटनेस, विमा, परमिट, बोजा आणि काळी यादी बघा, थकलेली ई-चलनं बघा. चेसिस नंबर स्वतः चेसिसवर घासून, कागदावर उतरवून आरसीशी ताडून पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत फक्त विसार द्या. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परमिटच्या हस्तांतरणाचा अर्ज, आणि शेवटी उरलेली रक्कम. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर नवा टॅग निघत नाही.

१३. तीन टनांच्या आतली छोटी गाडी घेतली तर परमिट लागतं का?

मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. फिटनेस, विमा, पीयूसी लागतातच.

१४. दोन गाड्या पाहिल्यात. २०१५ ची सहा टायरी साडेसात लाखांना, इंजिन नवं बांधलेलं. २०१७ च्या फेब्रुवारीची दहा टायरी बारा लाखांना, इंजिनकाम दीड लाखाचं निघेल. मार्ग पिंपळगाव ते बंगळुरू. कोणती घेऊ?

आता २०२६ धरून हिशेब करू. सहा टायरीचं नॅशनल परमिट २०२७ मध्ये संपेल, म्हणजे बंगळुरूसाठी तुम्हाला जेमतेम एक वर्ष मिळतंय. त्यानंतर ती राज्यापुरती राहील आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही हेच बघेल. दहा टायरी इंजिनकामासकट साडेतेरा लाखांना पडते, पण तिचं परमिट फेब्रुवारी २०३२ पर्यंत चालतं, साधारण सहा वर्षं. वर्षाला सव्वादोन लाख होतात. वर प्रत्येक फेरीला पाच-सहा टन माल जास्त आणि टोल फक्त नऊ टक्क्यांनी जास्त.

गाडी बीएस-३ आहे, त्यामुळे दिल्लीचा विचार सोडा. बंगळुरूला त्याने काही अडत नाही. दहा टायरीच घ्या, पण तीन अटींवर. चेसिस प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे निर्मळ निघाली पाहिजे. आरसीवरचा बॉडी प्रकार आणि उभी असलेली बॉडी जुळली पाहिजे. आणि इंजिनकामाचे दीड लाख मिस्त्रीने इंजिन उघडून सांगितलेले हवेत, नुसतं ऐकून सांगितलेले नकोत. उघडल्यावर क्रँक घासलेला निघाला तर तोच आकडा अडीचच्या पुढे जातो, आणि मग बारा लाखांवर पुन्हा बोलावं लागेल.